सोनेरी ‘क्ष’ आणि त्याखालची निळी जमीन

“ताई, यात फॉइल कुठंय?”

फोनवर छापखान्यातले, छपाईआधी फाइल तपासून प्लेट काढणारे प्रीप्रेसचे काका होते. माझ्यासमोर तीच फाइल उघडी होती आणि उजवीकडच्या पॅनेलमध्ये `FOIL` नावाचा लेयर स्पष्ट दिसत होता. मी म्हटलं, “काका, सगळ्यात वरचा लेयर बघा ना. नावच FOIL आहे.”

“माझ्याकडे लेयरबियर काही नाही. निळ्या जमिनीवर एक ‘क्ष’ आहे, मातकट पिवळा. हा छापायचाय का?”

व्हिजिटिंग कार्ड माझं स्वतःचंच होतं. मी अक्षररचनेचं काम करते, त्यामुळे बोधचिन्ह म्हणून एकच अक्षर घेतलं होतं, ‘क्ष’. कार्ड ९० × ५५ मि.मी. पुढच्या बाजूला गडद निळी जमीन, मधोमध २२ मि.मी. उंचीचा सोनेरी फॉइलचा, म्हणजे उष्णतेने चिकटवलेल्या चकचकीत धातूच्या थराचा ‘क्ष’ आणि त्याखाली फॉइलमध्येच एक बारीक ओळ: ‘अक्षररचना आणि बोधचिन्हं’. मागच्या बाजूला तीच निळी जमीन, त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि नंबर, आणि डावीकडे मोठा केलेला ‘क्ष’ फक्त चकाकीत, म्हणजे स्पॉट युव्हीमध्ये. सगळ्या कार्डावर मॅट लॅमिनेशन. कल्पना साधी होती, पण ती मशीनला कळेल अशा भाषेत फाइलमध्ये उतरवायला मला तीन फेऱ्या लागल्या. त्या तीन फेऱ्यांत जे हाताला लागलं ते इथे लिहिते आहे. मी इलस्ट्रेटर वापरते, त्यामुळे मेनूंची नावं तिथली आहेत.

पहिल्या फेरीत नेमकं काय झालं ते आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. मी लेयर वेगळा केला, त्याला नाव दिलं आणि ‘क्ष’ला पिवळा-तपकिरी रंग भरला, पडद्यावर सोन्यासारखा दिसावा म्हणून. तो रंग साधा सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार नेहमीच्या शाईंच्या मिश्रणाचा होता. मग फाइल `PDF/X-1a` प्रीसेटने सेव्ह केली, कारण छपाईची फाइल म्हणजे एक्स-वन-ए असं डोक्यात पक्कं होतं. हा प्रकार जुन्या पीडीएफ आवृत्तीवर बेतलेला आहे आणि त्यात लेयर टिकतच नाहीत, सगळं एका पातळीवर येतं. म्हणजे माझं `FOIL` हे नाव सेव्ह करतानाच गळून पडलं होतं. काकांपर्यंत पोहोचला तो चार शाईंच्या मिश्रणातून बनलेला एक पिवळा आकार. हे फॉइल आहे असं सांगणारं फाइलमध्ये काहीही उरलं नव्हतं.

मला वाटलं, एवढंच असेल तर लेयर टिकवणाऱ्या प्रकारात सेव्ह करून पाठवू. काका म्हणाले, “लेयर आले तर मला बघायला सोपं जाईल. पण माझं मशीन लेयर वाचत नाही, शाई वाचतं. तुम्ही शाई वेगळी द्या.”

हे वाक्य मी लिहून ठेवलं. लेयर ही माणसाच्या डोळ्यांसाठी केलेली सोय आहे. फाइल उघडणाऱ्याला काय कुठे आहे ते कळतं, एक भाग लपवून दुसरा तपासता येतो, चुकून हलू नये म्हणून कुलूप लावता येतं. पण प्लेट काढणारी यंत्रणा फाइलकडे बघते ती शाईंच्या यादीसारखी. सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक, आणि त्यापुढे जी जी स्पॉट शाई, म्हणजे या चारांच्या मिश्रणाबाहेरची, वेगळ्या नावाची शाई असेल ती. प्रत्येक शाईचं एक सेपरेशन, म्हणजे ती शाई कुठे लागणार ते दाखवणारं वेगळं चित्र निघतं. फॉइल आणि युव्ही खरं तर शाई नाहीत, पण फाइलमध्ये त्यांना शाईचं सोंग द्यावं लागतं. ‘FOIL’ नावाची स्पॉट शाई केली की तिचं स्वतंत्र सेपरेशन निघतं, आणि त्या काळ्या-पांढऱ्या चित्रावरून धातूचा ब्लॉक बनतो. ‘SPOT_UV’च्या सेपरेशनवरून युव्हीची जाळी बनते.

म्हणून मी Swatches पॅनेलमध्ये नवा स्वॉच, म्हणजे नाव दिलेला रंग केला, `Color Type` मध्ये `Spot Color` निवडलं आणि लेयरचं जे नाव तेच अक्षर न अक्षर स्वॉचला दिलं. त्याचा पडद्यावरचा रंग मुद्दाम सोनेरी ठेवला नाही, १००% मॅजेंटा ठेवला. हा रंग कुठेच छापला जाणार नसतो, तो फक्त दाखवण्यापुरता. भडक गुलाबी दिसला की बघणाऱ्याला लगेच कळतं की ही छपाई नाही, ही खूण आहे. सोनेरी दिसला की माझ्या पहिल्या फाइलसारखा घोळ होतो. युव्हीला १००% सायन दिला. लेयर शेवटी असे लागले:

```
GUIDES
SPOT_UV
FOIL
PRINT
```

`GUIDES` मध्ये कापायची रेघ आणि सुरक्षित हद्दीची चौकट. त्या लेयरच्या Layer Options मध्ये जाऊन `Print` ची खूण काढली, म्हणजे त्या रेघा पीडीएफमध्ये छपाईच्या रेघा म्हणून जाणार नाहीत. `PRINT` मध्ये निळी जमीन आणि पांढरी अक्षरं, जमीन चारही बाजूंनी कापायच्या रेघेबाहेर ३ मि.मी. ब्लीडपर्यंत नेलेली.

स्वॉचचं नाव एकच असणं किती महत्त्वाचं असतं ते लगेचच कळलं. बोधचिन्हाखालची ओळ मी दुसऱ्या एका जुन्या फाइलमधून उचलून आणली होती आणि तिथे कधीतरी ‘Foil’ असा स्वॉच केलेला होता. पेस्ट केल्यावर यादीत `FOIL` आणि `Foil` अशा दोन शाई झाल्या. डोळ्यांना दोन्ही गुलाबी, पण मशीनच्या हिशेबी दोन वेगळी सेपरेशन, म्हणजे दोन ब्लॉक. ‘क्ष’ एकावर आणि ओळ दुसऱ्यावर. मी ओळ निवडून तिला `FOIL` स्वॉच दिला आणि दुसरा स्वॉच पॅनेलमधून काढूनच टाकला.

ही दुसरी फाइल काकांना मिळाली. त्यांना फॉइल दिसलं, युव्ही दिसलं, ब्लॉक बनला. सगळा लॉट काढण्याआधी त्यांनी चाचणीचे काही ताव काढले आणि मला बोलावलं, हे त्यांचे उपकार. त्या एका तावावर तीन दोष होते आणि तिन्ही माझ्या फाइलमधले होते.

पहिला दोष उजेडात धरल्याबरोबर दिसला. सोनेरी ‘क्ष’च्या डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, एक बारीक पांढरी कोर. अमावास्येनंतरच्या चंद्रासारखी. वळणावर जाड, सरळ दांड्याला सारखी, उजवीकडे काहीच नाही. काकांनी मोजपट्टीचं भिंग लावून दाखवलं. जिथे सगळ्यात जाड होती तिथे ०.३ मि.मी. भरली.

मला वाटलं, फॉइल सरकलं म्हणजे मशीनचा दोष. काकांनी शांतपणे समजावलं. ताव आधी छपाईच्या मशीनमधून जातो, मग लॅमिनेशनच्या गरम रोलरखालून, मग फॉइलच्या मशीनमध्ये. प्रत्येक ठिकाणी तो नव्याने टेकवला जातो. मधे उष्णता आणि ताण लागून कागद केसभर लांबतो किंवा आखडतो. ०.२–०.३ मि.मी. इकडेतिकडे होणं हे या कामात गृहीतच धरायचं असतं. प्रश्न फॉइल सरकल्याचा नव्हताच. फॉइलखाली पांढरं का होतं, हा होता.

ते पांढरं मी केलं होतं. दोन वस्तू एकमेकींवर असतील तर वरची वस्तू खालचीला कापून टाकते, हा सॉफ्टवेअरचा मूळ स्वभाव आहे. याला नॉकआउट म्हणतात. छपाईत ते बरोबरच असतं, नाहीतर निळ्यावर पिवळा छापला की हिरवा होईल. पण त्यामुळे माझ्या निळ्या प्लेटमध्ये ‘क्ष’च्या आकाराचं नेमकं भोक पडलं होतं. कागदावर तिथे कोरी जागा राहिली आणि सोनं त्या भोकात तंतोतंत बसेल अशी अपेक्षा. ०.३ मि.मी.नं चुकलं आणि कोर दिसली.

यावरचा उपाय म्हणजे ओव्हरप्रिंट. वरच्या वस्तूला सांगायचं की खालचं कापू नको, नुसती वर बस. मग निळी जमीन सलग छापली जाते आणि सोनं तिच्यावर कुठेही टेकलं तरी त्याच्या कडेला निळंच दिसतं. गंमत अशी की युव्हीच्या आकाराला मी ओव्हरप्रिंट दिलेलं होतं, कारण युव्ही पारदर्शक, त्याखाली रंग हवाच हे उघड होतं. फॉइल मात्र अपारदर्शक, मग त्याखाली शाई कशाला, असा माझा हिशेब होता. चूक त्या हिशेबात होती. फॉइलखालची शाई दिसत नाही हे खरं, पण ती हवी असते ती कडेसाठी.

ओव्हरप्रिंट लेयरला देता येत नाही, वस्तूला द्यावं लागतं. `FOIL` लेयरमधलं सगळं निवडून Attributes पॅनेलमध्ये `Overprint Fill` वर खूण करायची. नंतर त्याच लेयरमध्ये नवीन काही काढलं तर त्याला ती खूण आपोआप लागेलच असं नाही, म्हणून हे काम मी आता अगदी शेवटी करते. रेघांसाठी `Overprint Stroke` ही वेगळी खूण असते. पण मी फॉइलच्या लेयरमध्ये रेघ ठेवतच नाही, `Outline Stroke` करून तिचा भरीव आकार करून टाकते, म्हणजे जाडी किती ते नक्की मोजता येतं. आणि साध्या पडद्यावर या खुणेने काहीच बदललेलं दिसत नाही. `View > Overprint Preview` चालू केल्यावरच फरक दिसतो. माझा भडक गुलाबी तेव्हा निळ्यात मिसळून जांभळा दिसायला लागला, आणि तो जांभळा दिसणं हीच खाली निळा सलग असल्याची खूण.

या लेयरबद्दल आणखी एक गोष्ट. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा खरोखर मोकळी असायला हवी. भरीव आकारावर पांढरा तुकडा ठेवून भोक दाखवायची सवय असेल तर ती इथे अंगाशी येते, कारण सगळ्याला एकदम ओव्हरप्रिंट दिलं की पांढरा तुकडाही त्यात येतो आणि पांढऱ्याला ओव्हरप्रिंट म्हणजे तो नसल्यातच जमा. मी ‘क्ष’च्या गाठीतली मोकळी जागा Pathfinder च्या `Minus Front` ने कापून घेतली.

काकांना मी विचारलं की शाईवर फॉइल नीट चिकटेल ना. माझ्या कार्डावर छपाई आणि फॉइल यांच्यामध्ये लॅमिनेशनची फिल्म आहे, म्हणजे फॉइल शाईवर नाही, फिल्मवर बसतं. त्या फिल्मला चालणारं फॉइल निवडणं हे त्यांचं काम. पण लॅमिनेशन नसेल, जाड शाईवर थेट फॉइल असेल, तर काही शाईंवर ते धरत नाही आणि मग खालचं भोक ठेवावंच लागतं. तेव्हा भोक फॉइलपेक्षा सगळ्या बाजूंनी ०.३ मि.मी.नं लहान करतात, `Offset Path` मध्ये उणे आकडा टाकून. म्हणजे सोन्याची कड निळ्यावर चढते आणि मधला भाग कोऱ्या कागदावर बसतो. कुठला मार्ग घ्यायचा हे छापखान्याला विचारूनच ठरवावं.

दुसरा दोष जास्त जिव्हारी लागला, कारण तो अक्षरांचा होता. खालची ओळ मी ७ पॉइंटात बसवली होती, बारीक वजनाच्या फाँटमध्ये. पडद्यावर नाजूक आणि देखणी दिसत होती. तावावर ‘बोधचिन्हं’मधल्या ‘ब’चं पोट बुजलं होतं. त्यातली तिरकी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंचे इवलेसे त्रिकोण, सगळं मिळून सोन्याचा एक गोळा. ‘ध’ची गाठ बंद. आणि शेवटच्या ‘हं’वरचा अनुस्वार शिरोरेषेला चिकटून तिथे नुसता एक फुगवटा आलेला.

कारण समजायला फॉइलिंग कसं होतं ते बघावं लागतं, काकांनी ते मला मशीनपाशी उभं करून दाखवलं. तापवलेला धातूचा ब्लॉक फॉइलच्या पट्टीवर दाबला जातो. पट्टीच्या पातळ प्लॅस्टिकवर धातूचा थर आणि त्याखाली उष्णतेने चिकटणारा थर असतो. जिथे ब्लॉक टेकतो तिथे धातू सुटून कागदाला चिकटतो. पण उष्णता आणि दाब कडेला नेमके थांबत नाहीत, थोडे बाहेर सरकतात. म्हणून प्रत्येक रेघ किंचित जाड होते आणि दोन रेघांमधली फट तितकीच कमी होते. देवनागरीत बुजायला जागा पुष्कळ: गाठी, पोटं, शिरोरेषा आणि मात्रा यांच्यामधली फट, अनुस्वार.

मी फाइलमध्ये जाऊन मोजलं. ७ पॉइंट म्हणजे साधारण २.५ मि.मी. त्या आकाराला माझ्या फाँटची उभी रेघ ०.१५ मि.मी. भरली, आणि अनुस्वार व शिरोरेषा यांच्यातली फट ०.१२. काकांच्या हिशेबाने रेघ निदान ०.२५ आणि फट निदान ०.३ हवी. कागद खरखरीत असेल तर त्याहून जास्त.

मग मी एक सोपी युक्ती केली. ०.३ मि.मी. व्यासाचा एक भरीव गोल काढला, वेगळ्याच रंगाचा, आणि तो प्रत्येक अक्षराच्या प्रत्येक मोकळ्या जागेत नेऊन ठेवला. कडांना न शिवता बसला तर ठीक, अडकला तर ती जागा बुजणार. ‘ब’च्या पोटात तो कुठेच बसत नव्हता. आकार १० पॉइंट केला, फाँटही मध्यम वजनाचा आणि मोकळ्या पोटाचा घेतला, तरी दोन जागा राहिल्या. तिथे अक्षरांचे आकार आउटलाइन करून हाताने दुरुस्त केले: ‘ब’ची तिरकी रेघ थोडी बारीक करून त्रिकोण मोकळे केले, अनुस्वार किंचित वर उचलला. छापील मजकुरात मी असं कधी करणार नाही, कारण अक्षराचा तोल ढळतो. पण हे अक्षर पडद्यावर किती चांगलं दिसतं याला इथे किंमत नव्हती. ब्लॉकखालून ते कसं बाहेर येतं तेच खरं.

रोमन लिपीत अशा वेळी लोक अक्षरांमधलं अंतर वाढवतात. देवनागरीत ते करता येत नाही, शिरोरेषा तुटते आणि सोन्यात त्या तुटलेल्या जागा तडे गेल्यासारख्या दिसतात. उलट आउटलाइन केल्यावर शिरोरेषेचीच एक वेगळी कटकट निघते. फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर जराशी चढलेली असते. आउटलाइननंतर ते सुटे, एकमेकांवर चढलेले आकार असतात. त्यांना तसंच एकत्र करून कम्पाउंड पाथ केला तर चढलेल्या जागी भोक पडू शकतं, आणि शिरोरेषेवर प्रत्येक सांध्याला एक बारीकशी खाच दिसते. मी संपूर्ण शब्द निवडून Pathfinder मधलं `Unite` केलं आणि मग `View > Outline` मध्ये जाऊन शिरोरेषा सलग एकच रेघ आहे ना हे सांध्यासांध्यावर बघितलं. लिहिताना शिरोरेषा आपण एका दमात ओढतो. ब्लॉकवरही ती तशीच असायला हवी.

तिसरा दोष मागच्या बाजूचा. मोठा ‘क्ष’ छान आला होता. मॅट निळ्यावर कार्ड तिरकं केलं की तो पाण्यासारखा चमकून जायचा. पण हौसेने मी माझ्या नावावरही युव्ही टाकला होता, पांढऱ्या ९ पॉइंटाच्या अक्षरांवर, त्यांच्याच आकारात. इथेही तीच केसभराची सरक, पण परिणाम वेगळा. पांढऱ्यावरची चकाकी जवळजवळ दिसतच नव्हती आणि अक्षरांच्या शेजारी निळ्यावर सांडलेली चकाकी मात्र ठळक दिसत होती. कार्ड हलवलं की नाव दोनदा छापल्यासारखं वाटायचं. भरीस भर म्हणजे युव्ही हा द्रव असतो. तो जाळीतून कागदावर उतरतो आणि दिव्याखाली वाळेपर्यंत किंचित पसरतो, त्यामुळे बारीक अक्षरांची पोटं त्यानेही भरली होती.

मी नावावरचा युव्ही काढून टाकला. छापलेल्या बारीक मजकुरावर त्याच आकाराचा युव्ही टाकूच नये, असं माझं आता ठाम मत आहे. मोठ्या ‘क्ष’ला हा त्रास नव्हता, कारण त्याच्याखाली जुळवायला काहीच नाही, नुसती सपाट निळी जमीन आहे. तो अर्ध्या मिलिमीटरने सरकला तरी कुणाला कळणार नाही. युव्हीला अशीच जागा द्यावी: गडद, मॅट आणि रिकामी. त्याच्या बारीक रेघा मी ०.५ मि.मी.पेक्षा कमी ठेवल्या नाहीत आणि डावीकडे तो कापायच्या रेघेच्या २ मि.मी. आत थांबवला. पहिल्या रचनेत तो कडेबाहेर गेलेला होता, पण कडेपर्यंतचा युव्ही कापताना पात्याखाली तडकू शकतो, असं काका म्हणाले.

तिसरी फाइल पाठवण्याआधी मी दोन गोष्टी केल्या. सेव्ह करताना या वेळी `PDF/X-4` निवडलं, त्यात लेयर चालतात. `Create Acrobat Layers from Top-Level Layers` वर खूण केली. नावातच आहे त्याप्रमाणे फक्त सगळ्यात वरच्या पातळीचे लेयर पुढे जातात, त्यामुळे `FOIL` हा दुसऱ्या कशाच्या पोटात ठेवून चालत नाही. मग ती पीडीएफ ॲक्रोबॅट प्रोमध्ये उघडून `Output Preview` बघितलं. शाईंच्या यादीत बरोबर सहा नावं: चार नेहमीच्या, मग FOIL आणि SPOT_UV. सातवं नाव दिसलं असतं तर कुठेतरी घोटाळा होता. FOIL ची खूण काढली, आणि ‘क्ष’च्या जागी पांढरं भोक न दिसता सलग निळी जमीन दिसली. मग उलट केलं, फक्त FOIL ठेवून बाकी सगळ्या शाई बंद केल्या. अक्षरांवरून कर्सर फिरवला की शेजारी टक्का दिसतो. तो सगळीकडे १०० हवा आणि बाहेर शून्य. ब्लॉकला अर्धवट काही कळत नाही, धातू एकतर उठावाचा असतो किंवा नसतो. ओळीच्या शेवटच्या शब्दावर मला ९० दिसलं. कधीतरी त्या शब्दाला पारदर्शकता देऊन बघितली होती आणि ती तशीच राहिली होती. पडद्यावर १०० आणि ९० यांतला फरक माझ्या डोळ्यांना कळला नव्हता. तो तसाच गेला असता तर तेवढ्या शब्दाचे बारीक ठिपके झाले असते.

दुसरी गोष्ट साध्या प्रिंटरवर केली. फॉइलचा लेयर एकटा, काळ्या रंगात, खऱ्या मापात छापला आणि हातभर अंतरावरून वाचला. ‘ब’ वाचता येत होता.

ब्लॉक नवा करावा लागला, तो खर्च मी भरला. या वेळच्या चाचणीच्या तावावर काकांनी स्वतःच भिंग लावलं, आधी ‘क्ष’च्या डाव्या कडेला, मग उजव्या, मग ‘हं’वरच्या अनुस्वारावर. फॉइल या तावावरही सरकलेलंच होतं, साधारण तेवढंच. भिंगातून बघताना सोन्याची कड आणि तिला लागून निळा, एवढंच दिसत होतं. अनुस्वार शिरोरेषेपासून सुटा होता आणि मधून निळ्याची एक बारीक रेघ जात होती. “काढू का सगळी?” काकांनी विचारलं. मी हो म्हटलं.

काही महिन्यांनी माझा फोन नंबर बदलला. मी तीच फाइल उघडली, `FOIL` आणि `SPOT_UV` ला कुलूप आहे ना ते बघितलं आणि `PRINT` मधला नंबर बदलला. काकांना फोन करून सांगितलं की पुढची बाजू जशीच्या तशी आहे, ‘क्ष’ एका केसानेही हललेला नाही.

“मग ब्लॉक जुनाच चालेल,” ते म्हणाले. “ठेवलाय मी जपून. मागच्या बाजूचीच प्लेट काढतो.”